ओळ जिथे मोडते

शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांतल्या माध्यमिक शाळांत मराठी शिकवण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला, आणि शिकवण्याच्या जोडीने जे काम सतत अंगावर येत राहिले ते दुसऱ्यांचे निबंध वाचण्याचे होते. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनानिमित्त तालुक्यात निबंधस्पर्धा भरे, तिचे गठ्ठे येत; शाळेच्या हस्तलिखित वार्षिकाचे लेख येत; पुढे पुढे नोकरी सांभाळून एम.ए.ला बसलेले तरुण शिक्षकही आपल्या लेखांचे मसुदे घेऊन सुट्टीच्या दिवशी येऊ लागले. ह्या सर्व लिखाणात कवितेच्या ओळी आणि नाटकांतले संवाद मुबलक उद्धृत केलेले असत. कालांतराने मला अशी सवय लागली की, निबंधाचा विषय, त्याची भाषा, त्यातले विचार ह्यांकडे वळण्यापूर्वी मी आधी अवतरणे पाहत असे: ओळ कोठे मोडली आहे, दंड कोठे घातला आहे, संवादाच्या डाव्या अंगाला कोणाचे नाव लिहिले आहे. कारण लेखकाने लिहिताना मूळ पुस्तक समोर ठेवले होते की नाही, ह्याचा निर्णायक पुरावा त्या तीन जागांवर सापडतो, आणि ज्याने मूळ पाहिलेले नाही त्याचे त्या कवितेविषयीचे मतही बहुधा कोणा दुसऱ्याचेच असते.

ह्या भागात पुस्तके मिळण्याची अडचण खरी होती. रेल्वे वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी अशी शहापूर तालुक्यातून कसाऱ्याकडे जाते. मुरबाडला ती नाही, तेथे कल्याणहून एस.टी.ने यावे लागते, आणि टोकावडे किंवा डोळखांबच्या अंगाला राहणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेरचा काव्यसंग्रह हाताळायला मिळणे हा योगच म्हणायचा. त्यामुळे कविता त्याच्यापर्यंत पोचत असे ती फळ्यावरून, मार्गदर्शिकेतून, अथवा कोणीतरी म्हटलेली ऐकून. ह्या तिन्ही वाटांनी शब्द बहुतांशी शाबूत येतात. हरवते ती ओळींची मांडणी.

एका वर्षीच्या स्पर्धेत एकाच शाळेच्या सगळ्या मुलांनी एक कविता उद्धृत केली होती, आणि प्रत्येकाच्या कागदावर तिची तिसरी ओळ एकाच ठिकाणी तुटून शेवटचा शब्द खाली एकटा, अगदी समासापासून सुरू झालेला होता. मूळ संग्रहात ती ओळ सलग होती. मुलांनी एकमेकांचे पाहून लिहिले असावे असा संशय सहपरीक्षकांनी बोलून दाखवला, परंतु निबंध एरवी भिन्न होते. पुढे त्या शाळेत जाण्याचा प्रसंग आला तेव्हा खुलासा झाला. वर्गातला फळा अरुंद होता; गुरुजींनी कविता लिहून दिली तेव्हा तिसरी ओळ फळ्याच्या कडेला संपली, उरलेला शब्द त्यांनी खाली लिहिला, आणि मुलांनी प्रामाणिकपणे फळा उतरवून घेतला. फळ्याची रुंदी अशा रीतीने कवितेत शिरली होती. आज तेच काम मोबाइलचा पडदा करतो: लांब ओळ पडद्याच्या कडेला आपोआप खाली वळते, आणि वाचणाऱ्याला ते वळण कवीचे वाटते.

ह्यावर छापखान्यांत जुनी आणि सोपी तजवीज आहे, आणि ती मी तेव्हापासून पहिल्याच तासाला सांगू लागलो. कवितेची ओळ कागदाच्या रुंदीत मावली नाही तर उरलेला भाग खाली लिहावा, परंतु तो समासापासून सुरू करू नये. इतर ओळी जेथून सुरू होतात त्याच्या चांगला आत, दोनतीन अक्षरांची जागा सोडून लिहावा. म्हणजे वाचणाऱ्याला कळते की ही नवी ओळ नव्हे, वरच्याच ओळीचे शेपूट आहे. मात्र काही कवी स्वतःच ओळी आतबाहेर सरकवून लिहितात; तशा कवितेत शेपूट कवीच्या आत घेतलेल्या ओळींपेक्षाही अधिक आत न्यावे लागते, अन्यथा दोहोंची गल्लत होते. फळ्यावरही हेच करता येते. त्या शाळेच्या गुरुजींनी पुढल्या वर्षी ते केले, आणि मुलांच्या कागदांवर ओळ जागेवर आली.

ओळ मोडण्याची जागा इतकी का महत्त्वाची, हे वर्गात समजावताना मी दुसऱ्याची कविता वापरत नसे; फळ्यावर स्वतःच चार ओळी रचून लिहीत असे, कारण मुलांना त्या पाठ नसत आणि कानाची सवय आड येत नसे. त्यांपैकी एक नमुना असा:

पाऊस आला
नाही म्हणून गुरे
उभीच राहिली
नदीच्या काठी

पहिली ओळ वाचून थांबले की पाऊस आलेला असतो. क्षणभर का होईना, वाचणाऱ्याचा दिलासा खरा असतो. दुसऱ्या ओळीचा पहिला शब्द तो दिलासा काढून घेतो. आता हेच शब्द, एकही न बदलता, ‘पाऊस आला नाही / म्हणून गुरे उभीच राहिली / नदीच्या काठी’ असे मोडून लिहिले तर उरते ती तहसील कचेरीत पाठवण्याच्या टंचाई-अहवालातली ओळ. शब्द तेच, क्रम तोच, व्याकरण उलट अधिक सरळ. आणि तरीही कविता त्यातून निघून गेलेली. कवी अनिलांनी मुक्तछंदाला प्रतिष्ठा मिळवून दिल्यापासून मराठीत जी कविता लिहिली गेली, तिच्यातल्या पुष्कळशा कवितेला यमकाचा किंवा मात्रांचा आधार नाही. अशा कवितेत ओळ कोठे संपली हे सांगणारी दुसरी कोणतीच खूण मजकुरात नसते. वृत्तबद्ध श्लोक चुकीचा मोडला तर कान तक्रार करतो. मुक्तछंद चुकीचा मोडला तर कोणीच तक्रार करीत नाही, आणि म्हणून तेथे दक्षता दुप्पट लागते.

निबंधाच्या वाक्याच्या ओघात एकदोनच ओळी घ्यावयाच्या असतील तर त्यांना अवतरणचिन्हांत घालून ओळीच्या अंताची जागा तिरक्या रेघेने दाखवावी, रेघेच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडावी. कडवे बदलत असेल तर दोन रेघा द्याव्यात. तीन किंवा अधिक ओळी असतील तर मात्र निबंधाचा परिच्छेद थांबवून त्या स्वतंत्र, समासापासून आत घेऊन, मुळात आहेत तशा एकीखाली एक लिहाव्यात, आणि मग अवतरणचिन्हे घालू नयेत. कारण आत घेणे हीच अवतरणाची खूण झाली. दोन की तीन, ह्या आकड्याला शास्त्राधार मागू नये. कोणी चार म्हणेल, त्यालाही माझी हरकत नाही. परंतु एका निबंधात एकच रीत ठेवावी. मधली एखादी ओळच्या ओळ गाळली असेल तर तिच्या जागी ओळभर टिंबे द्यावीत. ओळीतला एखादा शब्द गाळला असेल तर तीन टिंबे पुरतात. आणि अवतरण ओळीच्या मधूनच सुरू करावयाचे असेल तर तो अर्धा तुकडा समासाला चिकटवून लिहू नये, मुळात त्या ओळीत तो जेथे येतो त्या अदमासाने उजवीकडे सरकवावा. म्हणजे वाचणाऱ्याला कळते की अलीकडचा भाग बाहेर राहिला आहे.

हे सारे नव्या कवितेचे झाले. आपल्याकडे तिरक्या रेघेच्या पुष्कळ आधी एक चिन्ह होते, आणि संतकविता उद्धृत करताना खरा घोटाळा त्याच्यापाशी होतो. पोथीत ओव्या आणि अभंग एकाखाली एक लिहिण्याची चैन नव्हती. कागद मोलाचा, म्हणून मजकूर कडेपासून कडेपर्यंत सलग चाले, आणि रचनेची विभागणी दाखवण्याचे काम एक उभा दंड आणि दोन उभे दंड हे करीत. म्हणून अभंगात दंड हा मजकुराचाच भाग आहे आणि छापील ओळीचा अंत हा छापणाऱ्याच्या सोयीचा. नव्या कवितेत नेमके ह्याच्या उलट. ही एवढी गोष्ट ज्याच्या मनात पक्की बसली त्याला पुढचे बहुतेक सर्व आपोआप कळते.

मुरबाडच्या एका तरुण शिक्षकाचा लेख ह्या संबंधात मला नेहमी आठवतो. तुकोबांच्या अभंगांतील यमकांवर त्याने चांगले परिश्रम करून लिहिले होते, आणि त्याचा निष्कर्ष असा होता की तुकोबा पुष्कळदा यमकाची पर्वा करीत नाहीत. निष्कर्ष चमत्कारिक वाटला म्हणून त्याची उद्धृते पाहिली. त्याने गाथेतली प्रत्येक छापील ओळ म्हणजे एक चरण असे धरून दोन ओळींच्या अंती यमक शोधले होते, आणि ते मिळाले नव्हते. मी त्याच्यासमोर एक कडवे रचून ठेवले, गाथेत छापतात त्या धर्तीवर:

पावसाने आज न्हाली ही माहुली ।
लपली साउली डोंगरात ॥१॥

‘माहुली’ आणि ‘डोंगरात’ ह्यांत यमक नाही, हे उघडच आहे. परंतु मोठ्या अभंगाचे कडवे दोन चरणांचे नसते, चार चरणांचे असते. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. ‘पावसाने आज’ हा पहिला, ‘न्हाली ही माहुली’ हा दुसरा, ‘लपली साउली’ हा तिसरा, ‘डोंगरात’ हा चौथा. यमक असते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांत, म्हणजे ‘माहुली’ आणि ‘साउली’ ह्यांत. त्यांपैकी एक छापील ओळीच्या शेवटी दिसते आणि दुसरे खालच्या ओळीच्या पोटात दडलेले असते. त्याने तेथल्या तेथे बोटांवर अक्षरे मोजली, आपल्या लेखातले पहिले अवतरण काढून तेही मोजले, आणि म्हणाला, “सर, मग हा लेख उलटाच लिहायला हवा.” त्याने तो तसा लिहिला, आणि तो फार चांगला झाला.

ओवीत हीच विभागणी निराळी असते. ज्ञानेश्वरीची ओवी साडेतीन चरणांची म्हणतात. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. बहुतेक आवृत्त्यांत ती दोन ओळींत छापतात, परंतु प्रत्येक चरणामागे दंड असतो, म्हणून तेथे चूक होण्याचा संभव कमी. निबंधात ओवी किंवा अभंग वाक्याच्या ओघात घेताना तिरकी रेघ घालू नये, मुळातले दंडच ठेवावेत. आणि उलट, नव्या कवितेच्या ओळी जोडताना दंड वापरू नये, कारण दंडाने वाचणाऱ्याला तेथे चरण पूर्ण झाल्याचा भास होतो. मर्ढेकरांसारख्या कवीने ‘काही कविता’ (१९४७) मध्ये अभंगाची आणि ओवीची जुनी घडण अगदी नव्या आशयासाठी वापरली, तेव्हा तिच्या बाबतीत आपल्या ज्ञानावर विसंबून दंड घालण्याचा मोह पडतो. तेथेही पुस्तकाचे पान उघडून कवीने काय छापले आहे तेच पाहावे लागते.

अभंगांच्या क्रमांकांचा एक सूक्ष्म प्रकार आहे, आणि तो मी हुशार मुलांच्या हातूनच बिघडलेला पाहिला. गाथेत पहिल्या कडव्यापुढे एकचा आकडा असतो, दुसऱ्या कडव्यापुढे आकडा नसून ‘ध्रु.’ ही खूण असते, आणि तिसऱ्या कडव्यापुढे दोनचा आकडा येतो. ज्याला ही परिपाटी ठाऊक नाही त्याला येथे मुद्रणदोष वाटतो. मग तो ‘ध्रु.’ काढून तेथे दोन घालतो, पुढच्याला तीन करतो, आणि शेवटपर्यंत सगळे आकडे सरकवून ठेवतो. असे ‘दुरुस्त’ केलेले अवतरण पाहून दुसरा कोणी गाथेत ते कडवे शोधू लागला म्हणजे त्याला ते त्या आकड्यावर सापडत नाही. ध्रुपद म्हणजे गाताना पुन्हा पुन्हा परत यावयाचे कडवे; त्याला आकडा नसणे हेच बरोबर आहे. त्याचप्रमाणे अभंगाचा गाथेतला क्रमांक देताना कोणती गाथा हे सांगितलेच पाहिजे, कारण शासकीय गाथा आणि जोगमहाराजांची गाथा ह्यांतले क्रमांक जुळत नाहीत. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी हे दोन आकडे द्यावेत. आवृत्तीनुसार ओवीचा आकडा थोडा पुढेमागे होतो, म्हणून तेथेही आवृत्तीचा उल्लेख असावा.

लेखननियमांचा प्रश्न ह्याला लागूनच येतो. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली, तेव्हा जुन्या शिक्षकांत अशी भीती पसरली होती की आता ज्ञानेश्वरीतलेही अनुस्वार काढावे लागणार. वस्तुतः त्या नियमांतच तरतूद आहे की केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, आणि त्यानंतरचे, ह्या दोघांच्या लेखनासह, नव्या नियमांनी छापावे. म्हणून संतांच्या, पंडितकवींच्या आणि शाहिरांच्या ओळीतला ‘तें’ किंवा ‘नाहीं’ जसाच्या तसा ठेवणे हा हट्ट नसून नियमच आहे. केशवसुत आणि त्यांच्यानंतरचे कवी ह्यांच्या बाबतीत मात्र माझे मत नियमाहून थोडे वेगळे राहिले आहे. अनुस्वार गेल्याने अक्षरगणवृत्ताचे बहुधा काही बिघडत नाही, परंतु ऱ्हस्वाचे दीर्घ केल्याने बिघडते: कवीने ‘कवि’ हा शब्द शेवटी ऱ्हस्व धरून वृत्तात बसवला असेल आणि आपण नियमाप्रमाणे ‘कवी’ केले, तर लघूच्या जागी गुरू येतो आणि ओळ लंगडते. म्हणून वृत्तबद्ध ओळ उद्धृत करताना ती एकदा मोठ्याने, चालीवर म्हणून पाहावी, आणि नियम पाळल्याने चाल अडखळत असेल तर मूळ अक्षर ठेवावे. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचना’ लिहून लघुगुरूंचा जो काटेकोर हिशेब मराठीला दिला, तो अवतरण तपासायलाही उपयोगी पडतो.

नाटकातल्या संवादांची कथा आणखी निराळी, आणि ह्या भागात ती विशेष होती. कारण येथल्या गावांत हौशी मंडळी नाटके करीत आणि मुलांच्या हाती नाटकाचे पुस्तक येण्याऐवजी नटाची नक्कल येत असे. नक्कल म्हणजे एका नटाच्या वाट्याची भाषणे उतरवून घेतलेली वही. तिच्यात त्याचे स्वतःचे बोलणे पूर्ण असते, परंतु समोरच्या पात्राचे शेवटचे दोनचार शब्दच, खूण म्हणून, लिहिलेले असतात, आणि ते कोणाचे आहेत हे पुष्कळदा लिहिलेलेच नसते. नटाला ते ठाऊक असते. किन्हवलीकडच्या एका मुलीने आपल्या चुलत्यांच्या अशा वहीवरून एका सामाजिक नाटकावर निबंध लिहिला, आणि नायिकेच्या तोंडची तीन वाक्ये नायकाच्या नावावर घालून त्याच्या स्वभावाविषयी एक संपूर्ण परिच्छेद लिहिला. विचार तिचे होते, भाषा उत्तम होती. पण तो नायक त्या नाटकात नव्हताच. मी तिला नाटकाचे पुस्तक आणून दिले. ती म्हणाली, “सर, काकांना विचारलं तर ते म्हणाले, आम्हाला समोरच्याचं नाव लागतच नाही.” काकांचे म्हणणे रंगमंचापुरते बरोबर होते, निबंधाला मात्र ते नाव लागते.

दोन किंवा अधिक पात्रांचे बोलणे उद्धृत करावयाचे असेल तर ते नेहमी स्वतंत्र, आत घेऊन लिहावे. पात्राचे नाव डाव्या अंगाला, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे, मग भाषण. भाषण दुसऱ्या ओळीवर गेले तर ती ओळ नावाखालून न सुरू करता आत सरकवावी, म्हणजे नावांचा रकाना एका नजरेत दिसतो. नाव नाटककाराने जे छापले तेच लिहावे. पात्राला इतर पात्रे ‘दादा’ म्हणत असली आणि पुस्तकात त्याचे नाव ‘सरपंच’ असे छापले असेल, तर आपल्या अवतरणात ‘सरपंच’च पाहिजे, भूमिका करणाऱ्या नटाचे नाव तर कधीच नको. वर्गासाठी मी रचलेला एक तुकडा येथे देतो:

सोनू : (दाराशी थांबून) आत येऊ का, मास्तर?
मास्तर : आलास ना! मग विचारतोस कशाला?
सोनू : (स्वगत) ह्यांना आधीच कळलेलं दिसतं. (उघड) बाबांनी पाठवलंय.

ह्यातले कंस काढून तिसरे भाषण लिहिले, की सोनू मास्तरांच्या तोंडावर त्यांच्याविषयी बोलतो आहे असे होते, आणि लाजरा मुलगा उद्धट ठरतो. म्हणून गोल कंसातला मजकूर हा नाटककाराचा मजकूर आहे, तो भाषणाइतकाच प्रमाण मानावा. ह्यातून एक गोष्ट ओघानेच निष्पन्न होते: आपल्याला वाचकासाठी काही खुलासा घालावयाचा असेल, उदाहरणार्थ ‘बाबांनी’ म्हणजे कोणी, तर तो गोल कंसात घालू नये, त्यासाठी चौकोनी कंस वापरावा, म्हणजे नाटककाराचे कोणते आणि आपले कोणते ह्याविषयी संशय राहणार नाही. तसेच ‘कळलेलं’ आणि ‘पाठवलंय’ ह्यांना शुद्ध करून ‘कळलेले’ आणि ‘पाठवले आहे’ असे लिहू नये. पात्राच्या तोंडची बोलण्याची भाषा अनुस्वाराने दाखवण्याची मुभा महामंडळाच्या नियमांनीच दिली आहे, आणि नियम नसता तरीही पात्राच्या तोंडून त्याचे बोलणे काढून घेण्याचा अधिकार निबंधकाराला पोचत नाही. शहापुरातल्या ठाकर किंवा कातकरी वस्तीतल्या पात्राचे बोलणे एका हस्तलिखित नाटिकेत एका मुलाने हुबेहूब लिहिले होते; ते उद्धृत करताना दुसऱ्याने त्याचे प्रमाण मराठीत रूपांतर केले, तेव्हा मला ते फार लागले.

गद्य संवाद आणि पद्य ह्यांतला एक भेद मात्र सतत ध्यानात ठेवावा लागतो. गद्य भाषणाच्या छापील ओळी कोठे संपतात ह्याला काहीही अर्थ नाही. तो पानाच्या रुंदीचा परिणाम आहे, आणि ते भाषण आपल्या कागदाच्या रुंदीप्रमाणे सलग लिहावे. काही मुले अतिदक्षतेने पुस्तकातली प्रत्येक ओळ जेथे संपते तेथेच आपली ओळ संपवीत, आणि गद्य भाषण कवितेसारखे दिसू लागे. संगीत नाटकांत हा भेद एकाच भाषणात दोनदा ओलांडावा लागतो. ‘संगीत सौभद्र’ (१८८२) किंवा ‘संगीत शारदा’ (१८९९) ह्यांसारख्या नाटकांत पात्र गद्यात बोलता बोलता पदात शिरते आणि पुन्हा गद्यावर येते. पदाच्या माथ्यावर साकी, दिंडी असे जातीचे नाव किंवा चालीचा निर्देश असतो. अशा वेळी पात्राचे नाव एकदाच, भाषणाच्या आरंभी लिहावे. गद्य गद्यासारखे सलग, पद स्वतंत्र ओळींत आत घेऊन, आणि पद संपल्यावरचे गद्य पुन्हा सलग, परंतु नाव पुन्हा न लिहिता. नाव पुन्हा लिहिले तर वाचणाऱ्याला वाटते की मध्ये कोणीतरी दुसरे गायले. चालीचा निर्देश नट उच्चारत नाही, म्हणून तो सोडून दिला तरी चालेल असे काहींना वाटते. निबंध संगीताविषयी असेल तर तो ठेवलाच पाहिजे, कारण ते पद प्रथम कोणत्या सुरांत ऐकू आले ह्याचा छापलेला पुरावा तेवढाच असतो. अवतरणाखाली अंक आणि प्रवेश हे दोन्ही द्यावेत. पानाचा आकडा आवृत्तीगणिक बदलतो, अंक आणि प्रवेश सहसा बदलत नाहीत.

अलीकडच्या वर्षांत ‘नटसम्राट’ ह्या नाटकातली भाषणे निबंधांत फार येऊ लागली, आणि ती जवळजवळ सर्व चित्रपटावरून, नाहीतर स्नेहसंमेलनात कोणी केलेल्या अभिनयावरून उतरवलेली असत. शिरवाडकरांचे नाटक १९७० चे आणि चित्रपट २०१६ चा. ह्या दोन कृती स्वतंत्र आहेत. चित्रपटातले वाक्य उद्धृत करण्यास कोणाची ना नाही, परंतु मग त्याखाली चित्रपटाचे नाव आणि साल लिहावे, ‘शिरवाडकर, नटसम्राट’ असे लिहू नये. पाठांतर हे मोठे धन आहे, आणि ह्या तालुक्यांतल्या जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायांनी ते पिढ्यान् पिढ्या कागदाशिवाय सांभाळले. तोंडी परंपरेतल्या ओवीला मूळ पुस्तक नसतेच, तेव्हा तेथे म्हणणारीने जेथे श्वास घेतला तेथे ओळ मोडणे हाच न्याय आहे, आणि कोणत्या गावी, केव्हा ऐकली एवढे खाली नमूद करावे. पुस्तकात छापलेल्या कवितेला तो न्याय लागू नाही.

निबंधस्पर्धांचे आयोजक, आणि वर्गात निबंध लिहवून घेणारे माझे सहव्यवसायी, ह्यांना माझी एकच विनंती आहे: जेथे कवितेची किंवा नाटकाची अवतरणे अपेक्षित आहेत तेथे मुलांना मूळ पुस्तक बाकावर ठेवण्याची मुभा द्या, आणि एक प्रत सर्वांना पुरत नसेल तर ज्या पानावरून उद्धृत करायचे त्या पानाची झेरॉक्स वाटा, फळ्यावर लिहून देऊ नका.